चुंबळ, खुर्ची आणि सहा मीटर : सर्वांसाठी रिलेचा तास

खेळाच्या तासाला व्हीलचेअरवरची मुलगी बहुतेक शाळांत तीनपैकी एका ठिकाणी दिसते. एक तर झाडाखाली दप्तरं सांभाळत, नाही तर हातात शिट्टी घेऊन, किंवा कुणी तरी मागून ढकलत असलेल्या खुर्चीत टाळ्या झेलत. यातल्या कोणत्याही ठिकाणी ती रिले खेळत नसते. रिले खेळणं म्हणजे आधीच्या गड्याकडून घेणं, स्वतःच्या बळावर अंतर कापणं आणि पुढच्या गड्याला देणं. ही तिन्ही कामं तिनं केली आणि तिच्या कामानं निकाल बदलला, तरच ती पूर्ण खेळली. खालची कृती एवढ्याचसाठी आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शाळेनं दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो आणि शिक्षणाबरोबर खेळाचीही इतरांच्या बरोबरीनं संधी द्यायची असते. ती द्यायची कशी, हे मात्र मैदानावर शिक्षकालाच ठरवावं लागतं. कृती कागदावर राहू नये म्हणून एक वर्ग समोर धरू. समजा, महागाव तालुक्यातली एक उच्च प्राथमिक शाळा आहे. सातवीत २४ मुलं आहेत आणि त्यांतली एक मुलगी हातानं चाक फिरवायची घडीची व्हीलचेअर वापरते. मैदान काळ्या मातीचं आहे आणि वर्गखोल्यांसमोर पेव्हर ब्लॉकचा पट्टा आहे. चौघांचे सहा संघ होतात. वेळ ३५ मिनिटांच्या दोन तासिकांचा.

साहित्य

मोजपट्टी किंवा दर मीटरला गाठ मारलेली दोरी, फक्की, दोन मोबाइल (स्टॉपवॉचसाठी), एक चुंबळ, एक कापडी झोळी, कमरेचा पट्टा आणि पिण्याचं पाणी. मुलीकडे तळव्याला चामडं असलेले सायकलचे हातमोजे असले तर उत्तम. नसतील तर उघडे हात चालतील, पण लोकरीचे मोजे नकोत. ते चाकाच्या कडीवरून घसरतात आणि ढकल वाया जाते.

पहिली पायरी : आधी तिला विचारा

तासाच्या एक-दोन दिवस आधी, वर्गासमोर नाही, बाजूला बसून बोला. चार गोष्टी विचारायच्या. एका दमात ती खुर्ची किती लांब नेते? खांदा किंवा मनगट दुखतं का? कमरेखाली गरम-गार, टोचलेलं कळतं का? आणि खुर्चीला इतरांनी हात लावलेला चालतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा असं येतं : “सर, मागून ढकलू देऊ नका कोणाला. मला कळतच नाही खुर्ची कुठं चालली ते.” हा पहिला नियम म्हणून वर्गाला सांगा : तिनं बोलावल्याशिवाय खुर्चीला कुणीही हात लावायचा नाही.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. पाय बधिर असतील तर पाय पायपट्टीवरून घसरून जमिनीला घासला तरी तिला कळत नाही. तास संपल्यावर बूट-मोजे काढून पाय बघायला घरच्यांना सांगा. मणक्याला वरच्या भागात इजा असलेल्या मुलांना इजेखालच्या अंगाला नीट घाम येत नाही, त्यामुळे शरीर लवकर तापतं. आपल्याकडे फेब्रुवारी सरता सरताच ऊन चढतं. म्हणून हा तास सकाळच्या पहिल्या तासिकेला घ्या. घरच्यांशी आणि गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षकांशी एकदा बोलून घ्या. डॉक्टरांनी काही वर्ज्य सांगितलं असेल तर ते त्यांच्याकडून कळेल.

दुसरी पायरी : खुर्ची तपासा

पाच मिनिटांचं काम आहे, पण ते टाळू नका. दोन्ही ब्रेक लावून खुर्ची ढकलून बघा, ती हलता कामा नये. हवेचे टायर असतील तर अंगठ्यानं दाबा. अंगठा आत जात असेल तर हवा भरा, कारण मऊ टायरवर मुलीची बरीचशी ताकद टायर दाबण्यातच जाते. पुढची छोटी चाकं हातानं गरगर फिरवा. त्यांच्या आसाला केस, दोरे, सुतळी गुंडाळलेली असते. ती काढली की खुर्ची एकदम हलकी चालते. पायपट्ट्या घट्ट आहेत का बघा. ओढणी खोचून घ्या, बैठकीची गादी काढू नका, कमरेचा पट्टा बांधा.

तिसरी पायरी : जमीन निवडा

आपल्या पैनगंगेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीचं वागणं आपल्याला ठाऊक आहे. पावसात ती चाकाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. व्हीलचेअरची मागची चाकं मोठी असतात, ती भेगेवरून निघून जातात. पुढची चाकं जेमतेम वीतभर असतात, ती भेगेत अडकतात आणि अडकली की मुलगी पुढे फेकली जाते. म्हणून ‘मैदान सपाट दिसतं’ एवढ्यावर भरवसा ठेवू नका. तीन ढकलींची परीक्षा घ्या : खुर्ची थांबलेली असताना तिनं तीन जोरदार ढकली द्यायच्या आणि हात वर घ्यायचे. खुर्ची पुढे पाच-सहा पावलं आपोआप गेली तर जागा चांगली. हात वर होताच थांबली तर जागा बाद. खुर्ची एका बाजूला वळत असेल तर तिकडे उतार आहे.

इथे एक सोय आहे. संपूर्ण धावपट्टी चांगली असायची गरज नाही. रिलेत प्रत्येकाचा टप्पा ठरलेला असतो, त्यामुळे तिच्या टप्प्यापुरतीच जमीन चांगली हवी. आपल्या हिशेबात ३० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद पट्टा पुरतो. वर्गखोल्यांसमोरचे पेव्हर ब्लॉक त्यासाठी वापरा आणि बाकीच्या तिघांचे टप्पे त्याच्या मागे-पुढे मातीवर आखा. ब्लॉक जिथे संपतात तिथे दोन बोटांची जरी पायरी असली तरी तिचा टप्पा त्याच्या आतच संपवा. पेव्हर ब्लॉक नसतील तर तेवढ्या पट्ट्यावर बारीक मुरूम पसरून, पाणी मारून, धुमसून घ्या आणि दोन दिवस वाळू द्या. खडे वेचायचं काम सगळ्या वर्गानं करावं, तिनंही. खुर्चीवर बसून खडा कुठे आहे ते तिलाच सर्वांत लवकर दिसतं.

चौथी पायरी : बॅटनऐवजी चुंबळ

स्पर्धेतलं बॅटन २८ ते ३० सेंटिमीटर लांब आणि किमान ५० ग्रॅम वजनाचं गुळगुळीत नळकांडं असतं. खुर्ची चालवायला दोन्ही हात कडीवर लागतात. एका हातात बॅटन धरून दुसऱ्या हातानं ढकललं की खुर्ची वळते. मांडीवर ठेवलं की ते लोळत खाली येतं आणि चाकाच्या तारांत जायची भीती असते.

पॅरालिम्पिकमध्ये यावर वेगळा उपाय आहे. टोकियो २०२० च्या पॅरालिम्पिकमध्ये (या स्पर्धा २०२१ मध्ये झाल्या) ४ × १०० मीटरची सर्वसमावेशक रिले आली. प्रत्येक संघात दोन पुरुष आणि दोन स्त्रिया. पहिला टप्पा दृष्टिबाधित खेळाडूचा, दुसरा हात किंवा पायात व्यंग असलेल्याचा, तिसरा सेरेब्रल पाल्सीसारख्या समन्वयाच्या अडचणी असलेल्याचा आणि शेवटचा व्हीलचेअरवरच्या खेळाडूचा. तिथे बॅटनच नसतं, पुढच्याला हाताचा स्पर्श केला की झालं. तो उपाय निर्दोष आहे. पण वर्गात मला वस्तू हवी वाटते. लहान मुलांना ‘माझ्याकडे काही तरी आलं, ते मी पुढे पोचवलं’ हे हातात कळतं. शिवाय स्पर्श झाला की नाही यावरून भांडणं होतात, वस्तूवरून होत नाहीत.

म्हणून चुंबळ. डोक्यावर घागर किंवा गवताचा भारा ठेवताना खाली घेतात तीच. जुन्या सुती लुगड्याचा हातभर रुंद आणि दोन हात लांब तुकडा घ्या, पिळा, वेटोळं करा आणि टोक आत खोचून चार टाके मारा. तळहाताएवढं भोक राहू द्या, म्हणजे धावणाऱ्याला चार बोटं आत घालून ती पकडता येते. चुंबळ पडली तर लोळत नाही, लागली तर इजा होत नाही आणि कापडावर ठेवली की घसरत नाही.

ती ठेवायला मुलीच्या मांडीवर उथळ झोळी हवी. पाऊण हात कापड, त्याचे दोन नाडे कमरेच्या पट्ट्याला आणि उरलेले दोन नाडे हात ठेवायच्या दांड्यांच्या पुढच्या टोकांना बांधायचे. झोळी मध्ये वाटीसारखी खोल राहिली पाहिजे. नाडे दांड्यावरच संपू द्या, एकही नाडा चाकाकडे लोंबता कामा नये. झोळीमुळे देणाऱ्याला नेम मिळतो आणि मुलीच्या अंगाला कुणाचा हात लागत नाही. सातवीतल्या मुलीच्या दृष्टीनं ही गोष्ट लहान नाही.

चुंबळ सहाही संघांना सारखीच. तिच्या संघाला वेगळी वस्तू आणि इतरांना बॅटन असं करू नका. चुंबळ पडली तर संघातल्या जवळच्या गड्यानं उचलून द्यायची आणि पडली तिथूनच पुढे निघायचं, हा नियमही सगळ्यांना एकच.

पाचवी पायरी : अंतर वाटून घ्या

शर्यत एकाच दिशेची ठेवा. जाऊन-वळून येण्याच्या शर्यतीत खुर्चीला वेगात वळावं लागतं आणि ती आडवी होते. समोरासमोर धावण्याच्या शर्यतीत धडक बसते. सरळ पट्ट्यात हे दोन्ही धोके नाहीत.

प्रत्येक संघाला एकूण ७५ मीटर. त्यात एक टप्पा १५ मीटरचा आणि तीन टप्पे २० मीटरचे. १५ मीटरचा टप्पा दुसरा ठेवू, कारण मधल्या टप्प्यावरच्या गड्याला घ्यावंही लागतं आणि द्यावंही लागतं. पहिल्या क्रमांकावर ती फक्त देईल, शेवटच्यावर फक्त घेईल. तिच्या संघात हा टप्पा तिचा, इतर संघांत कुणाचाही.

टप्पा याहून लहान करण्याचा मोह होईल. तो टाळा. खुर्चीचं सगळं ओझं सुरुवातीला असतं, थांबलेली खुर्ची हलवायला जोर लागतो आणि एकदा गती आली की ती पळते. मॅरेथॉनमध्ये शर्यतीच्या खुर्चीवरचे खेळाडू धावणाऱ्यांच्या कितीतरी आधी पोचतात. स्वित्झर्लंडच्या मार्सेल हूगनं २०२१ मध्ये ओइटा इथे मॅरेथॉन १ तास १८ मिनिटांच्या आत पूर्ण केली. तिची खुर्ची तशी नाही, पण नियम तोच आहे. टप्पा ५-६ मीटरचा केलात तर तिच्या वाट्याला फक्त जड सुरुवात येते आणि गती येताच तिला थांबावं लागतं.

आता फक्कीनं रेषा मारा : सुरुवात ०, मग २०, ३५, ५५ आणि शेवट ७५ मीटरवर. २०, ३५ आणि ५५ च्या प्रत्येक रेषेपासून पुढे ६ मीटरवर आणखी एक रेषा. या दोन रेषांमधली जागा म्हणजे देवाणघेवाणीची पेटी. चुंबळ पेटीच्या आतच हाती पडली पाहिजे. मुलीची पेटी ४१ मीटरवर संपते, त्यापुढे ६ मीटर तिला थांबण्यासाठी मोकळे हवेत. धावणारा पाय रोवून थांबतो, तिला हातांनी कडी धरून हळूहळू थांबावं लागतं. तिथे भिंत, झाड, दप्तर किंवा बघे नकोत. सुरुवातीला मागे मीटर-दोन मीटर धरले की १८ ते ४७ मीटर हा भाग आपल्या ३० मीटरच्या चांगल्या पट्ट्यात बसतो.

सहावी पायरी : एकट्याची वेळ मोजा

पहिल्या तासिकेचं मोजमाप एवढंच. अंग मोकळं करण्याचे व्यायाम सगळ्यांना सारखे द्या : खांदे फिरवणं, हात वर ताणणं, मनगटं फिरवणं, कमरेतून वळणं. मग प्रत्येकानं आपापला टप्पा थांबलेल्या अवस्थेतून एकट्यानं पार करायचा आणि वेळ वहीत लिहायची. वेळ घेणारी मुलं दोन, दोघांच्या आकड्यांची सरासरी धरायची. मोबाइलवर बोटानं घेतलेल्या वेळेत सेकंदाच्या दोन-तीन दशांशांची चूक सहज होते. चौघांच्या वेळांची बेरीज म्हणजे संघाची ‘सुटी बेरीज’.

संघ एकापाठोपाठ एक धावणार असल्यानं सहा पट्टे आखावे लागत नाहीत. वाट बघणारे संघ वेळ घेणं, पेटीची रेषा बघणं आणि वही लिहिणं ही कामं आळीपाळीनं करतात. ती मुलगीही तिची पाळी आली की वेळ घेते, रोज तेच एक काम नाही.

सातवी पायरी : देणं-घेणं शिकवा

तासाचा जीव या पायरीत आहे. इथे घाई करू नका.

आधी खुर्चीकडे देणं. मुलगी २० मीटरच्या रेषेवर, तोंड पुढे, ब्रेक सुटे, दोन्ही हात कडीवर. मागे वळून बघायचं नाही. पहिला धावणारा मातीवरच्या एका खुणेवरून गेला की मोठ्यानं “चल!” म्हणतो आणि ती निघते. तो तिच्या उजवीकडून, चाकापासून हातभर अंतर ठेवून येतो, दोन पावलं तिच्याबरोबर पळतो, चुंबळ झोळीत टाकतो, “दिली!” म्हणतो आणि उजवीकडेच बाहेर पडतो. डावीकडे वळून तिच्यासमोरून जायचं नाही. तिचे हात कडीवरून एकदाही उचलत नाहीत.

ही खूण किती मागे हवी? वर्गाला फळ्यावर हिशेब करायला लावा. मुलीला थांबलेल्या अवस्थेतून पहिले ४ मीटर जायला ३ सेकंद लागतात असं मोजून कळलं. धावणारा सेकंदाला साधारण ५ मीटर येतो, म्हणजे ३ सेकंदांत १५ मीटर. दोघं पेटीत ४ मीटरवर भेटायची असतील तर ती निघते तेव्हा तो तिच्या ११ मीटर मागे हवा. दोन धावणाऱ्यांमध्ये हीच खूण साडेतीन मीटरवर येते, कारण धावणारा पहिले ४ मीटर दीडेक सेकंदात जातो. ११ मीटर ऐकून मुलं म्हणतील, “सर, इतक्या लवकर?” करून बघितल्यावर त्यांना पटतं. पुढे खूण अनुभवानं सरकवायची. धावणारा तिला गाठून थबकत असेल तर खूण आणखी मागे न्या. ती पेटीबाहेर जात असेल तर खूण पुढे आणा.

आता खुर्चीकडून घेणं. हे उलट आहे. खुर्ची सेकंदाला सुमारे २ मीटर येते. तिसरा गडी नेहमीच्या सवयीनं निघाला तर चुंबळ न घेताच पेटी ओलांडतो. म्हणून त्यानं पट्ट्याच्या उजव्या कडेला, खुर्चीकडे अर्धं वळून थांबायचं आणि ती एक-दीड मीटरवर आली की चालत सुटायचं. मुलगी रेषेच्या २ मीटर अलीकडे शेवटची ढकल देते, दोन्ही हात एकदम उचलते, उजव्या हातानं झोळीतली चुंबळ काढून बाजूला धरते. एकच हात उचलला तर खुर्ची वळते, म्हणून दोन्ही. खुर्ची स्वतःच्या गतीनं घरंगळत असताना तो तिच्या हातातून घेतो. झोळीत हात घालायचा नाही, देणारी ती आहे.

यातून एक डाव निघतो, तो मुलांनाच शोधू द्या. वेगवान गडी चुंबळ घेऊन येत असेल तर चुंबळ त्याच्याकडे जास्तीत जास्त राहू द्यायची, म्हणजे खुर्चीकडे देताना पेटीच्या शेवटच्या भागात द्यायचं. खुर्चीकडून घेताना मात्र पेटी सुरू होताच घ्यायचं. खुर्चीची जड सुरुवात चुंबळ अजून धावणाऱ्याच्या हातात असतानाच उरकते, त्यामुळे तिची ती ३ सेकंदं संघाच्या वेळेत धरलीच जात नाहीत.

सराव आधी चालत, मग हलकं पळत, मग पूर्ण वेगानं. पूर्ण वेगाचे प्रयत्न तिला एका तासिकेत चार-पाचच द्या आणि मध्ये तीन मिनिटं विश्रांती. धावणाऱ्याच्या पायांत मोठे स्नायू असतात. तिचं सगळं काम खांदा करतो आणि रोजचं चालणं-फिरणंही त्याच खांद्यावर आहे.

आठवी पायरी : निकाल कसा लावायचा

कुणाला कमी वेळ लागला यावर निकाल लावलात तर तिचा संघ सहावा येईल हे सुरुवातीलाच सगळ्यांना ठाऊक असतं आणि मग कुणीच मनापासून खेळत नाही. दया म्हणून गुण वाढवून दिलेत तर ते तिलाही कळतं. दोन्हीऐवजी रिले जे शिकवते तेच मोजा. संघाच्या सुट्या बेरजेतून रिलेची वेळ वजा करा. उरते ती बचत. ज्या संघाची बचत जास्त तो जिंकला. तीन दशांशांपेक्षा कमी फरक असेल तर बरोबरी.

कागदावरचं उदाहरण घेऊ. मुलीच्या संघाच्या सुट्या वेळा : ४.३, तिची ८.४, मग ४.५ आणि ४.२ सेकंद. बेरीज २१.४. पहिल्या रिलेत तिसरा गडी आधीच पळाला, चुंबळ एकदा पडली, वेळ लागला २४.१. म्हणजे बचत नाहीच, २.७ सेकंदांचं नुकसान. खुणा लावून सराव केल्यावर वेळ आली १९.६, बचत १.८ सेकंद. दुसऱ्या एका संघाची सुटी बेरीज १६.२, पहिली रिले १७.०, सरावानंतर १५.३, बचत ०.९ सेकंद. दुसऱ्या संघाला कमी वेळ लागला हे खरं आणि तेही वहीत लिहायचं. पण देवाणघेवाणीत पहिला संघ दुप्पट सरस ठरला, हेही तितकंच खरं.

या मोजणीची एक मर्यादा लपवू नका. खुर्चीची सुरुवात जड असल्यानं नीट जमलेल्या देवाणघेवाणीत तिच्या संघाला बचतीची संधी इतरांहून थोडी जास्त असते. म्हणून पुढच्या आठवड्यांत तिला दर वेळी वेगळ्या संघात घ्या. तेव्हा तिला कोणत्या संघात घालायचं हा प्रश्न उरत नाही, संघच तिला मागतात.

काय बिघडतं आणि ते कसं ओळखायचं

खुर्ची दर ढकलीला मान टाकल्यासारखी थबकत असेल तर पुढच्या चाकाखाली खडा किंवा भेग आहे. थांबा, जागा बघा. निघताना पुढची चाकं उचलली जात असतील तर ती फार मागे रेलून एकदम जोर लावते आहे. तिला थोडं पुढे झुकून पहिल्या दोन ढकली आखूड द्यायला सांगा. मागे दप्तर टांगलेलं असेल तर काढा, त्यानंही खुर्ची मागे कलते.

चेहरा लाल झाला, डोकं दुखतं म्हणाली, अंग तापलं पण घाम नाही, असं काही दिसलं तर लगेच सावलीत न्या, मानेला-हाताला ओलं फडकं लावा आणि त्या दिवशी पुन्हा उतरवू नका. त्रास कमी होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक बिघाड शरीराचा नाही. चुंबळ देणारा तिच्याजवळ आल्यावर उगाच हळू होतो, थांबून झोळीत नीट ठेवतो, हसतो. तो तिला सांभाळतो आहे. वहीत ते लगेच दिसतं, कारण पेटीतला वेळ वाढतो. त्याला रागावू नका, आकडा दाखवा आणि खूण पुन्हा लावून द्या.

ही कृती स्वतः चाक फिरवू शकणाऱ्या मुलासाठी आहे. ज्याचे हातही साथ देत नाहीत त्याच्यासाठी ती जशीच्या तशी चालणार नाही. तिथे कुणी ढकलायचं, कोणत्या इशाऱ्यावर निघायचं आणि थांबायचं हे त्या मुलानं ठरवावं, आणि चुंबळ त्याच्याच झोळीत राहावी. केंद्र किंवा तालुक्याच्या स्पर्धेत स्पर्धेचेच नियम चालतात, बचतीनं निकाल लागत नाही. तिथे संघ न्यायचा असेल तर आयोजकांशी आधी बोलून घ्या.

पुढच्या सोमवारी पहिल्या तासिकेला एवढंच करा : मोजपट्टी घ्या, पेव्हर ब्लॉकवर उभे राहा आणि तिला तीन ढकली द्यायला सांगा. खुर्ची जिथे थांबते तिथे फक्कीनं खूण करा. तुमच्या शाळेतल्या रिलेची पहिली रेषा तीच.